विहीर २८ फूट, मग रिंगा किती? घोडबंदर रोडवरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला एक रोपवाटिका आहे. मालकांना सगळे काका म्हणतात, इथेही तेवढंच पुरे. टँकरच्या पाण्याला कंटाळून त्यांनी विहीर खोदायचं ठरवलं. जागा बरी होती. खाडी रस्त्याच्या पलीकडे असल्यामुळे खारं पाणी लागायची भीती कमी होती, आणि शेजारच्या वाडीतल्या जुन्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असायचं. त्या विहिरीवरूनच काकांनी २८ फूट खोली धरली. मीटरमध्ये साडेआठ.

बाजूला सिमेंटच्या तयार रिंगा लावायच्या हेही त्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यांच्या मेहुण्यांची अर्नाळ्याला रिंगांची विहीर आहे, ती त्यांनी पाहिली होती. आतून सहा फूट व्यासाची, तीन इंच जाडीची, दीड फूट उंचीची रिंग त्यांनी पसंत केली आणि हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडला. खोली २८ फूट, वर अडीच फुटांचा कठडा, मिळून साडेतीस फूट. भागिले दीड. उत्तर आलं २०.३३, म्हणून २१ रिंगा. रिंगवाल्याला फोन करून त्यांनी २१ रिंगांची आगाऊ रक्कमही दिली. विहीर तेव्हा जेमतेम पाच मीटर खोदून झाली होती.

मी छोटी बांधकामं करणारा माणूस. मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी, पाण्याच्या टाकीचा पाया बघायला. खड्ड्याच्या कडेला उभं राहून मुकादम म्हणाला, "साहेब, खाली दगड लागलाय. काका सांगतात रिंग तळापर्यंत न्यायची. मग दगड पण एवढाच रुंद फोडायचा का?"

रिंगा मोजायचं काम खरं तर या प्रश्नापासून सुरू झालं.

अडचण

काकांचा भागाकार बरोबर होता. चूक भागाकाराच्या आधी, त्यात घातलेल्या दोन आकड्यांत होती.

पहिला आकडा खोलीचा. अर्नाळ्याची विहीर किनाऱ्यावरच्या रेतीत आहे. रेती उभी राहत नाही, त्यामुळे तिथे रिंग ठेवून आतून उपसतात, रिंग आपल्या वजनाने खाली बसते, तिच्यावर दुसरी चढवतात, आणि असं तळापर्यंत जातात. तिथे विहिरीची खोली आणि अस्तराची खोली एकच असते. घोडबंदरच्या डोंगरपायथ्याला तसं नाही. वरचा मीटरभर डोंगरावरून वाहून आलेली लालसर माती, तिच्याखाली मुरूम, मग हाताने कुस्करता येईल असा सडलेला दगड, आणि त्याखाली काळा पाषाण. मातीला, मुरमाला आणि सडलेल्या दगडाला आधार लागतो. काळा पाषाण स्वतःच उभा राहतो, त्याला रिंग लावणं म्हणजे भिंतीला भिंत लावणं.

शिवाय दगडातून रिंग न्यायची तर भोकही रिंगेपेक्षा मोठं पाडावं लागतं. रिंगेचा बाहेरचा व्यास १.९५ मीटर होता आणि मागे खडी भरायला जागा राहावी म्हणून वरचा खड्डा २.४ मीटर रुंद खोदला होता. तेवढ्याच रुंदीने दगड फोडायचा, की दगडात फक्त दीड मीटर व्यासाचं भोक घ्यायचं? क्षेत्रफळ काढलं तर पहिल्यात दगड अडीच पट निघतो. ब्रेकरचं भाडं तासावर असतं, त्यामुळे काकांना हे लगेच पटलं.

दुसरा आकडा रिंगेच्या उंचीचा. दीड फुटी रिंग म्हटलं तरी ती एकावर एक ठेवल्यावर प्रत्येक वेळी दीड फूट चढत नाही. रिंगेच्या वरच्या कडेला जीभ असते आणि खालच्या कडेला खाच. वरच्या रिंगेच्या खाचेत खालच्या रिंगेची जीभ बसते, आणि तेवढी उंची पोटात जाते.

पर्याय आणि ते कसे तोलले

अस्तर कुठून सुरू करायचं, म्हणजे सगळ्यात खालची रिंग कशावर बसवायची, यासाठी तीन जागा होत्या.

तळापासून सुरू करणं वरच्या हिशोबामुळे बाद झालं. तरी एक गोष्ट काकांच्या बाजूने सांगायला हवी. पूर्ण अस्तर केलं असतं तर तळापर्यंत १.८ मीटर व्यास मिळाला असता आणि दगडातल्या २.९ मीटरमध्ये साधारण ७,४०० लिटर पाणी मावलं असतं. दीड मीटरच्या भोकात ते ५,१०० लिटरच मावतं. काकांनी हा फरक विचारला, आणि तो विचारणं योग्यच होतं. पण रोपवाटिकेला लागणारं पाणी ते दिवसातून दोनदा उपसणार होते आणि झिरपा चांगला होता. साठ्यापेक्षा आवक महत्त्वाची ठरली.

मुकादमाचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं होतं. सडलेला दगड साडेतीन मीटरवर लागतो, तिथेच पहिली रिंग टेकवावी, दहा रिंगांत काम होईल. मे महिन्यात तो दगड घट्ट वाटतोही. पण पावसाळ्यात विहिरीतलं पाणी वर चढणार आणि हा थर भिजत-वाळत राहणार. असा दगड पाण्यात भुगा होत जातो. एका रिंगेचं वजन पाचशे किलोच्या आसपास, दहा रिंगांचं पाच टन. खालचा टेकू एका बाजूने खचला की सगळी उतरंड तिरपी होते आणि सांधे उघडतात. मी एक ढेकूळ बादलीभर पाण्यात टाकून ठेवलं. संध्याकाळी चहा होईपर्यंत बादलीच्या तळाशी पिवळा गाळ बसला होता. मुकादमाने बादली बघितली आणि विषय सोडून दिला.

उरला काळ्या पाषाणाचा माथा. दगडात टप्पा कोरायचा, त्यावर रिंगा उभ्या करायच्या आणि टप्प्याच्या आत लहान व्यासाचं भोक खाली न्यायचं.

पण हा माथा कुठे आहे? मुकादम सांगत होता, सतरा फुटांवर. त्याने एकाच बाजूला मोजलं होतं. आम्ही खड्ड्याच्या चारही बाजूंना पहार मारून बघितलं. सडलेल्या दगडात पहार रुतते आणि आवाज बसका येतो. पाषाणावर ती हातात झिणझिण्या आणते आणि टणकन वाजते. डोंगराकडच्या बाजूला पाषाण ५.०५ मीटरवर लागला, दोन्ही कडांना ५.२० आणि ५.४५ वर, आणि रस्त्याकडच्या बाजूला ५.६० मीटरवर. दगड खाडीच्या दिशेने उतरत होता, तसा तो या पट्ट्यात उतरतोच. म्हणजे एकाच विहिरीत, एकाच तळावर अर्ध्या मीटरहून अधिक फरक.

आता उंच बाजू फोडून सगळा टप्पा ५.६० वर आणायचा, की खालची बाजू काँक्रीटने भरून ५.०५ वर आणायचा? भरलं असतं तर एक रिंग वाचली असती. पण ते काँक्रीट उताराच्या दगडावर बसलं असतं आणि त्यावर सहा-सात टनांचा भार आला असता. नीट करायचं तर दगडात सळ्या ठोकाव्या लागल्या असत्या. उंच बाजू ब्रेकरने उतरवणं हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. मापाचा आकडा ठरला ५.६०, म्हणजे चार मापांतला सगळ्यात खोल. अस्तराची खोली नेहमी सगळ्यात खालच्या बिंदूपर्यंत धरावी लागते. सरासरी धरली तर एका बाजूला रिंगेखाली पोकळी राहते.

रिंग मोजली ती अशी

मग मी काकांना घेऊन रिंगवाल्याकडे गेलो. फोनवर हे काम होत नाही. टेप लावली तर रिंग ४५० मिलिमीटर भरली, म्हणजे दीड फुटाला सात कमी. दीड फूट, दोन फूट ही बाजारातली नावं असतात, माप साच्याप्रमाणे येतं. मग एकावर एक रचलेल्या दोन रिंगांची एकूण उंची घेतली. ती ९०० भरायला हवी होती, भरली ८७०. जीभ ३० मिलिमीटर आत जात होती. खात्री म्हणून पाचांची उतरंड मोजली, ती २,१३० भरली. चार सांध्यांत १२० गेले, म्हणजे हिशोब जुळला.

ही कोरडी मापं. जागेवर सांध्यात सिमेंटचा मसाला भरला जातो आणि तो वरच्या रिंगेला थोडं उचलून धरतो. आमचा गवंडी साधारण १० मिलिमीटरचा थर ठेवतो. म्हणजे पहिल्या रिंगेचे ४५० आणि त्यावरच्या प्रत्येक रिंगेचे ४३०.

आता भरायची उंची. टप्प्यापासून जमिनीपर्यंत ५.६० मीटर, त्यात कठड्याचे ०.७५ मिळवले. टप्प्यावर पहिली रिंग समपातळीत बसावी म्हणून १० सेंटीमीटर काँक्रीटचा थर घालायचा होता, तो वजा केला. उरले ६.२५ मीटर.

६.२५ मधून पहिल्या रिंगेचे ०.४५ काढले, राहिले ५.८०. त्याला ०.४३ ने भागलं की १३.४९. म्हणजे पहिली एक आणि वर साडेतेरा. अर्धी रिंग मिळत नाही, म्हणून वर चौदा, एकूण पंधरा.

रिंगवाल्याने तोंडी हिशोब केला होता. सव्वासहा भागिले पंचेचाळीस, १३.८९, म्हणून चौदा. "पंधरावी उगाच घेताय, शेठ," तो काकांना म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, उलट तो आपलाच एक नग कमी विकत होता. फक्त सांध्यात गेलेली उंची त्याने धरली नव्हती. एका सांध्यात दोन सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही, पण तेरा सांध्यांत ती २६ सेंटीमीटर होते.

गंमत अशी की काकांच्या पहिल्या हिशोबातल्या २१ रिंगाही त्यांच्या साडेआठ मीटरला पुरल्या नसत्या. याच पद्धतीने ती संख्या २२ येते.

चौदा की पंधरा

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. चौदा रिंगांची उंची ६.०४ मीटर होते. म्हणजे कठडा जमिनीपासून ५४ सेंटीमीटर. पंधरा घेतल्या तर ६.४७ मीटर आणि कठडा ९७ सेंटीमीटर. हवे होते ७५. एक आखूड, एक उंच.

काकांचा कल चौदाकडे होता. वर विटांचे दोन थर चढवू, म्हणाले. तेही चाललं असतं. पण मी त्यांना ओट्याची आठवण दिली. विहिरीभोवती सांडलेलं पाणी परत आत मुरू नये म्हणून बाहेर उतार दिलेला मीटरभर रुंदीचा ओटा करायचाच होता, आणि तो विहिरीलगत जमिनीपासून २० सेंटीमीटर उंच येणार होता. माणूस विहिरीत डोकावतो तेव्हा तो ओट्यावर उभा असतो, जमिनीवर नाही. म्हणजे चौदा रिंगांत खरा कठडा ३४ सेंटीमीटर, गुडघ्याच्याही खाली. पंधरा रिंगांत ७७. रोपवाटिकेत कामाला येणाऱ्या बायकांची लहान मुलं तिथेच खेळत असतात. पंधरा ठरल्या.

त्यातल्या भोकांच्या किती आणि बिनभोकांच्या किती, हेही याच वेळी ठरवावं लागतं, कारण भोकं साच्यात असतानाच पाडतात. वरचे साधारण तीन मीटर बंद ठेवायचे होते, कारण तिथून येणारं पाणी न गाळलेलं, खत आणि फवारणीचं असतं. खालच्या सहा रिंगा भोकांच्या घेतल्या. त्यांची उंची २.६० मीटर, त्यात काँक्रीटच्या थराचे दहा सेंटीमीटर मिळवले तर भोकांची रिंग जमिनीखाली २.९० मीटरवर संपते. वरच्या नऊ बिनभोकांच्या.

आगाऊ दिलेल्या २१ चं काय? रिंगवाल्याने सहा रद्द केल्या, कारण त्या अजून ओतल्याच नव्हत्या. ओतल्या असत्या तर तीन टन काँक्रीट काकांच्या आवारात पडून राहिलं असतं.

प्रत्यक्ष काम

पाषाणातलं भोक आधी साडेआठ मीटरपर्यंत नेलं, मग रिंगा उतरवल्या. आजूबाजूला इमारती असल्याने सुरुंगाचा प्रश्नच नव्हता. सगळं काम ब्रेकरवर झालं. ६.९ मीटरवर दगडाच्या भेगेतून पहिलं चांगलं पाणी आलं.

पहिली रिंग बसवायला अर्धा दिवस लागला आणि तो मी मुद्दाम लागू दिला. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने चार बाजूंची पातळी जुळवली. खालची रिंग एका बाजूला एक सेंटीमीटर खाली असेल, तर साडेसहा मीटरवर कठडा तीन सेंटीमीटरहून अधिक झुकतो. शिवाय मधल्या प्रत्येक सांध्यात एका बाजूला मसाला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होतो. म्हणजे ४३० चा हिशोबच राहत नाही.

रिंगा हायड्रा क्रेनने उतरवल्या. गाडीतून काढताना एका रिंगेची जीभ वीतभर लांबीत फुटली. काकांचा चेहरा पडला. पण सगळ्यात वरच्या रिंगेच्या जिभेवर काहीच बसत नाही, म्हणून तिच्यावर खडूने १५ लिहून ती बाजूला ठेवली. शेवटी तिची सगळी जीभ छाटून वरून गुळगुळीत गिलावा केला. ती बिनभोकाची होती म्हणून हे जमलं. भोकांच्या सहांतली एक फुटली असती तर दुसरी मागवावी लागली असती.

भोकांच्या रिंगांमागे दीड ब्रास खडी गेली. तिच्यावर काढलेलाच मुरूम थर देऊन ठोकला आणि जमिनीलगत काँक्रीटची गळपट्टी करून ओटा बांधला.

काय निष्पन्न झालं

कठडा जमिनीपासून ९६ सेंटीमीटर भरला. कागदावर ९७ होता. छाटलेल्या जिभेचे तीन गेले आणि खालच्या काही सांध्यांत मसाला जाड बसल्याने दोन परत आले. ओट्यावरून ७६. एकही रिंग उरली नाही, एकही कमी पडली नाही.

ऑगस्टमध्ये पाणी जमिनीखाली दीड मीटरपर्यंत आलं. उतरंड ओळंब्यात राहिली. सांधे कोरडे नव्हते, पण त्यातून माती येत नव्हती.

ओटा मात्र फुटला. सप्टेंबरात रस्त्याकडच्या बाजूला बोटभर भेग पडली आणि तिथली जमीन चार-पाच सेंटीमीटर बसली होती. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. खडी संपते आणि मुरूम सुरू होतो तिथे मी मध्ये काहीच घातलं नव्हतं. पावसात मुरमातला बारीक भाग खडीच्या पोकळ्यांत उतरला, त्यातला थोडा भोकांतून विहिरीतही आला, आणि वरचा भराव तेवढा खाली बसला. आठवडाभर पाणी गढूळ येत होतं, तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं. आम्ही ते नव्या विहिरीचं गढूळपण समजलो.

आज केलं तर

खडीवर बारीक खडी आणि तिच्यावर वितभर जाड रेती टाकेन, मग मुरूम.

रिंगांची मागणी टप्पा कोरून झाल्यावरच देईन. टप्पा दिसत नाही तोवर संख्या हा अंदाज असतो. आम्हाला सहा रिंगा रद्द करता आल्या ते नशीब होतं. तयार माल उचलला असता तर रिंगवाल्याने परत का घ्यावा?

आणि कामाचा क्रम उलटा करेन. आधी भोक, मग रिंगा, हा क्रम सुरुंगाच्या विहिरींचा आहे, कारण स्फोटाने रिंगा तडकतात. आम्ही सुरुंग लावणारच नव्हतो, तरी सवयीने तसंच केलं. परिणामी आठवडाभर माणसं साडेपाच मीटर उंचीच्या उघड्या मुरमाखाली काम करत होती. एका रात्री पश्चिमेच्या बाजूने दोन गोणी भरतील एवढा मुरूम सुटून टप्प्यावर पडला. सकाळी मुकादम ते बघून काही बोलला नाही, फक्त नारळ आणायला माणूस पाठवला. टप्पा तयार झाल्याबरोबर पंधराही रिंगा चढवून मागे भराव केला असता, तर खालचं सगळं फोडकाम रिंगांच्या आडोशाला झालं असतं. दगडातलं भोक दीड मीटरचं आणि रिंग आतून १.८० ची, म्हणजे ब्रेकर सहज उतरला असता. फक्त टप्प्याच्या कडेपासून वीतभर आत राहून दगड फोडायची काळजी घ्यावी लागली असती, आणि शेवटची कड हातछिन्नीने.

ओटा आम्ही जानेवारीत फोडून पुन्हा केला. भराव मीटरभर उकरून त्यात रेती घातली. त्या वेळी काकांनी पुन्हा टेप लावली. कठडा ओट्यावरून ७६ च होता.